ला-ला-ला आणि सोळा मात्रा

प्रश्न : बायकोला जुनी सिनेमातली गाणी प्रचंड आवडतात. लग्नाच्या वाढदिवसाला तिच्यासाठी साध्या शब्दांत छोटीशी कविता लिहायची आहे. मी आयुष्यात कविता केलेली नाही. लिहायला बसलो की एक तर गाण्यांची यादी होते, नाहीतर शुभेच्छापत्र. नक्की कुठून सुरुवात करू?

उत्तर :

कागद बाजूला ठेवा आणि आठवडाभर तिच्याकडे बघा. तिला कोणती गाणी आवडतात ते तुम्हाला पाठ असणारच, त्याचा इथे फारसा उपयोग नाही. ती गाणं कसं ऐकते ते बघायचं. आवाज कुठे वाढवते, कोणत्या ओळीला बोलणं थांबवते, काय गुणगुणते आणि काय गाळते. जुनी गाणी आवडणारी माणसं एका जातीची नसतात. कुणाचा जीव शब्दांत असतो, कुणाचा मधल्या वाद्यांच्या तुकड्यांत. काही जण गाण्याच्या निमित्ताने त्या वेळच्या घरात जाऊन बसतात. यातली तुमची बायको कोणती हे कळलं की अर्धी कविता झाली.

मी बरीच वर्षं चालीवर शब्द बसवण्याचं काम करतो आहे : नाटकं, नृत्यनाट्यं, कधी कुणाच्या षष्ट्यब्दीची गाणी. तुमच्यासारखी विचारणा घेऊन येणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या एकाचं उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सांगतो. म्हणजे कुठे काय अडतं ते तुम्हाला दिसेल.

माझ्या तबलजी मित्राचे मेहुणे. हिशेब तपासणारा माणूस, कवितेशी संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटलेला. ते पहिला मसुदा घेऊन आले तो असा :

तू आहेस माझ्या जीवनाचे सुमधुर गीत,
तुझ्याविना अधुरे माझ्या हृदयीचे संगीत…

पुढे सहा ओळी अशाच, आणि शेवटच्या चार ओळींत बायकोच्या आवडत्या गाण्यांचे मुखडे एकापुढे एक ओवलेले. मी विचारलं, "घरात बोलताना तुम्ही ‘हृदयीचे’ कधी म्हणता?" ते हसले. "वहिनींना ‘सुमधुर’ म्हटलं तर?" तर म्हणे, "ती विचारेल, बरं वाटत नाहीये का."

या मसुद्यात दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिल्या भागातले शब्द कुणाचेच नाहीत, ते शुभेच्छापत्राच्या दुकानातून आलेत. दुसऱ्या भागातले शब्द दुसऱ्यांचे आहेत. मुखडे ओवण्याचा मोह मोठा असतो, कारण वाटतं, तिला ओळखीचं वाटेल, आनंद होईल. होतंही तसं, पण आनंद त्या गाण्यांचा होतो. मुखडा वाचला की तिच्या कानात तो आवाज, ती चाल सुरू होते आणि तुमची ओळ तिच्याखाली दबून जाते. एवढ्या ताकदीच्या ओळींशेजारी आपली पहिलीवहिली ओळ उभी करू नये. तेव्हा ठरवून टाका : एकाही गाण्याचे शब्द घ्यायचे नाहीत, नावही नाही. घ्यायचा तो फक्त गाण्याचा सांगाडा.

तो सांगाडा तुम्हाला ठाऊक आहेच, फक्त त्याकडे लेखकाच्या नजरेने बघितलेलं नसतं. आधी मुखडा, म्हणजे आपलं ध्रुवपद. मग अंतरा, म्हणजे कडवं. अंतऱ्याच्या शेवटी एक ओळ अशी येते की तिचं यमक पुन्हा मुखड्याशी जुळतं आणि ऐकणाऱ्याला कळतं, आता मुखडा परत येणार. मी तिला गाठीची ओळ म्हणतो. मग मुखडा, मग पुढचा अंतरा, पुन्हा गाठ, पुन्हा मुखडा. ही गाणी आटोपशीर असण्यामागे एक अगदी यांत्रिक कारणही आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. सुरुवातीचं वाद्यवादन, मधले तुकडे आणि मुखड्याची पुनरावृत्ती यांतून जी जागा उरेल तेवढेच अंतरे. लिहिणाऱ्याला पसरायला वावच नव्हता. तुम्हालाही तो घ्यायचा नाही. दोन ओळींचा मुखडा आणि दोन अंतरे, म्हणजे दहा-बारा ओळी. तिच्या कानाला हा आकार इतका सवयीचा आहे की मुखडा परत आला की कुणी न सांगता तिला गाणं ऐकल्यासारखं वाटतं. एकाही गाण्याचं नाव न घेता तिच्या आवडीला केलेला नमस्कार तो हाच.

आता मजकूर. मी मेहुण्यांना विचारलं, "वहिनी गाणं म्हणतात का?"

"म्हणते की. पण शब्द कुठे पाठ असतात! पहिलं कडवं होतं, दुसऱ्यात अडकली की ला-ला-ला."

"आणि मधलं म्युझिक?"

"ते मात्र एक चुकत नाही. सगळं तोंडाने वाजवते. परवा इस्त्री करत होती. गाणं लागलं, मध्ये बासरी आली आणि हिचा हात थांबला. शर्ट जळाला माझा. पहिल्यांदा नव्हे."

मी म्हटलं, झाली तुमची कविता. त्यांचा विश्वास बसेना, कारण त्यांच्या मते यात प्रेमाचं काहीच नव्हतं. पण ही बाई गाण्याचे शब्द विसरते आणि बासरी विसरत नाही, हे जगात फक्त त्यांना माहीत आहे. ‘जीवनाचे गीत’ कुणीही कुणालाही म्हणू शकतो. जळालेला शर्ट त्यांचाच.

(त्या ला-ला-लाची एक गंमत सांगतो. सिनेमात बहुतेक वेळा आधी चाल होते आणि शब्द मागून येतात. चाल ऐकवताना संगीतकार नुसतं ला-ला-ला करतो किंवा तोंडाला येतील ते बिनअर्थाचे शब्द घालतो. त्या भरताडाला आमच्याकडे डमी म्हणतात. म्हणजे वहिनी दुसऱ्या कडव्यात जे करत होत्या, ते गाण्याला त्याच्या जन्माच्या वेळेपर्यंत मागे नेणं होतं. हे कवितेत घालायचा मोह मला झाला होता. घातलं नाही. ते माझ्या धंद्याचं ज्ञान झालं, त्यांच्या घरातलं नव्हे.)

आता ठेका. इथे नवखा माणूस बिचकतो, पण हिशेबनिसाला हे सगळ्यात आधी समजलं. जुन्या गाण्यांत तबल्यावर किंवा ढोलकीवर सर्वाधिक ऐकू येतो तो केरवा, आठ मात्रांचा : धा गे न ती न क धीं ना. त्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा, आणि तेवढी एक ओळ. सहा मात्रांचा दादराही भरपूर येतो, पण पहिल्यांदा लिहिताना आठाचा हिशेब सोपा पडतो. मोजायचं असं : अ, इ, उ ज्यात आहे ते ऱ्हस्व अक्षर, एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं अक्षर दोन मात्रा. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर येत असेल तर तेही दोन, जसं ‘शब्द’ मधला ‘श’. ‘अंतरा’ मधल्या ‘अं’ सारखं अनुस्वाराचं अक्षरही दोन. ‘पुन्हा’ मध्ये मात्र ‘पु’ वर जोर येत नाही, म्हणून तो एकच. आणि ‘गाणं’, ‘माझं’ यांतला शेवटचा अनुस्वार म्हणजे लांबवलेला अ, त्याला दोन धरा. एवढ्यावर काम भागतं. शंका आली तर शब्द मोठ्याने म्हणायचा, कानाला लांब वाटला तर लांब.

मुखडा त्यांच्याच वाक्यातून निघाला. "शब्द विसरले की ला-ला-ला." मी बोटांवर मोजलं : ‘शब्द विसरले’ आठ, ‘की ला-ला-ला’ आठ. बोललेलं वाक्य तसंच्या तसं सोळा मात्रांत बसलं. हे वाटतं तितकं नवलाचं नाही. मराठी बोलण्यात आठ-आठ मात्रांचे तुकडे सहज पडतात. म्हणून सुचत नसेल तेव्हा मी लोकांना लिहायला लावत नाही, सांगायला लावतो आणि त्यातलं बसणारं वाक्य उचलतो.

मुखड्याची दुसरी ओळ तीन दिवस अडली. पहिल्या ओळीचा शेवट ‘ला’ ने झालेला, म्हणून दुसरीलाही ‘ला’ हवा. त्यांनी लिहिलं : ‘एवढे पुरे आहे मजला’. मात्रा चोख, आठ आणि आठ. पण ‘मजला’? ‘मला’ लिहिलं तर एक मात्रा कमी पडते म्हणून ‘मजला’ आलं होतं. साध्या शब्दांतली कविता सगळ्यात जास्त बिघडते ती इथे. मात्रा भरायला जुन्या कवितेच्या पेटीतून एक शब्द काढला जातो : मजला, तुजला, हृदयी, नयनी, सखये. एक आला की सगळी ओळ नाटकी होते. ते घडलं आहे की नाही हे ओळखायची माझी खूण साधी आहे : ती ओळ फोनवर, भाजी आणायला सांगतो त्या आवाजात बायकोला म्हणून बघा. हसू आलं तर शब्द उसना आहे. अशा वेळी शब्द बदलत बसू नये, कारण बदलून तो बहुधा दुसऱ्या उसन्या शब्दावर जातो. अख्खी ओळ टाकायची आणि वेगळंच काहीतरी म्हणायचं.

ओळ टाकली आणि विचारलं, "वहिनी ला-ला-ला करायला लागल्या की तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, हा अंतरा कोणी लिहिलाय?"

हे झालं ना! ‘असा अंतरा’ आठ, ‘कोणी लिहिला’ आठ.

शब्द विसरले की ला-ला-ला,
असा अंतरा कोणी लिहिला?

यमकाचा काटेकोर हिशेब लावला तर हे ढिलं आहे. ‘ला-ला’ आणि ‘हिला’ यांत शेवटचं अक्षर तेवढं सारखं, आधीचा स्वर वेगळा. मी चालवून घेतलं. मुखडा परत-परत येणार असतो आणि परत येणारी ओळ कानात स्वतःच्या बळावर बसते. उलट काटेकोर पण फुकटचं यमक मला जास्त खटकतं. मराठीत क्रियापदाच्या शेपटीवर यमक फार स्वस्तात मिळतं : गातेस, जातेस, पाहतेस, राहतेस. चार ओळी अशा आल्या की कविता व्याकरणाच्या तक्त्यासारखी दिसू लागते. एका ओळीला क्रियापद, दुसरीला नाम, क्रियाविशेषण, नुसता उद्गार, असं काहीही घेऊन मोडता घाला.

पहिला अंतरा म्हणजे इस्त्री. इथे गोष्ट आधीच तयार होती, प्रश्न फक्त कापण्याचा. त्यांना सगळं सांगायचं होतं : रविवार होता, शर्ट नवा होता, रंग कोणता, भोक केवढं पडलं. गाण्याच्या अंतऱ्यात एक प्रसंग मावतो आणि तोही तीन ओळींत. मी म्हटलं, कॅमेरा धरल्यासारखं बघा. आधी काय दिसतं, मग काय, शेवटी काय. बासरी सुरू झाली, इस्त्री जागच्या जागी. मान हलतेय. शर्ट गेला.

बासरी सुरू, इस्त्री तशीच,
मान जराशी हलते उगीच,
पुन्हा एकदा शर्ट जळाला,

तिसरी ओळ ही गाठीची, तिला ‘ला’ वर यायचंच होतं, आणि ‘जळाला’ हा शब्द तर ‘ला-ला’ शी पक्का जुळतो. मूळ मसुद्यात तिथे ‘माझा नवा शर्ट जळाला’ होतं. ‘पुन्हा एकदा’ आल्यावर कितीतरी बदललं बघा. आता हे नेहमीचं आहे, नवऱ्याने ते पाहिलेलं आहे, मोजलेलं आहे आणि तक्रार करण्याच्या पलीकडे तो गेलेला आहे. ‘नवा’ मध्ये शर्टाची हळहळ होती. ‘पुन्हा एकदा’ मध्ये बायको दिसते.

आता मुखडा परत आणायचा. दोन ओळींतली कोणती? सवयीने ते पहिली आणत होते : ‘पुन्हा एकदा शर्ट जळाला, शब्द विसरले की ला-ला-ला’. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, नुसतं यमक जुळतं. म्हणून दुसरी आणून पाहिली :

पुन्हा एकदा शर्ट जळाला,
असा अंतरा कोणी लिहिला?

आता ‘अंतरा’ म्हणजे गाण्यातलं कडवं राहिलं नाही, घरातला तो प्रसंग झाला. शब्द तेच, अर्थ सरकला. जुन्या गाण्यांचा कान असलेल्या माणसाला हे लगेच कळतं, कारण चांगल्या गाण्यात परतलेला मुखडा पहिल्यासारखा कधीच ऐकू येत नाही, मधल्या अंतऱ्याचा रंग त्याला लागलेला असतो. तुम्ही लिहाल तेव्हा प्रत्येक अंतऱ्याच्या शेवटी हीच परीक्षा घ्या. परत आलेली ओळ नुसती परत आली, की काहीतरी घेऊन आली? नुसती आली असेल तर बहुतेक वेळा दोष गाठीच्या ओळीत असतो, मुखड्यात नसतो.

दुसरा अंतरा खरा अवघड. पहिल्यात गंमत झाली, आता मनातलं यायला हवं, आणि मनातलं म्हटलं की माणूस पुन्हा शुभेच्छापत्राच्या दुकानात शिरतो. त्यांनी लिहून आणलं : ‘तूच माझ्या जीवनाचा सूर, नको जाऊस माझ्यापासून दूर’. मी ते बाजूला ठेवलं आणि म्हटलं, पहिल्या अंतऱ्यात जे वापरलंत त्याच्या बाहेर जायचं नाही. गाणं आहे, शब्द विसरणं आहे, ला-ला-ला आहे. यातून तुमच्याबद्दल काय सांगता येईल?

थोडा वेळ गेला. मग ते म्हणाले, "खरं सांगू? मलाही काही बोलता येत नाही. एवढी वर्षं झाली, तिला म्हणायचं असतं पण ऐन वेळी सुचतच नाही."

म्हणजे तेही शब्द विसरतात. फरक इतकाच की त्या ला-ला-ला करून पुढे जातात आणि हे गप्प बसतात. दुसरा अंतरा तिथेच होता. पहिली ओळ त्यांनी लिहिली ‘तुला कधीचं सांगायचं आहे’. मोजलं : ‘तुला कधीचं’ आठ, पण ‘सांगायचं आहे’ अकरा. तीन मात्रा उतू चालल्या होत्या. ते लगेच ‘सांगायाचे’ कडे वळायला लागले, मी थांबवलं. आपण बोलताना काय म्हणतो? ‘सांगायचंय’. बरोबर आठ. बोलीतली ही आखडलेली रूपं, चंय, लंय, तोय, ही साध्या कवितेला मिळालेली मोठी सवलत आहे. लिहिताना लोक ती शुद्धलेखनाच्या भीतीने सरळ करतात आणि मग ओळीला कापत बसतात.

‘तुला’ चं ‘मला’ केलं ते वेगळ्या कारणासाठी. ‘तुला’ हा शब्द त्यांना गाठीच्या ओळीच्या शेवटी हवा होता, तो आधी खर्च करायचा नव्हता. इतक्या छोट्या कवितेत एक शब्द दोनदा आला की दुसऱ्या वेळी त्याचं वजन निम्मं होतं. मुद्दाम परत आणलेल्या मुखड्याची गोष्ट वेगळी.

मला कधीचं सांगायचंय,
पण ओठाशी तेच अडलंय,
माझंसुद्धा चालेल तुला?
शब्द विसरले की ला-ला-ला.

या वेळी मुखड्याची पहिली ओळ परत आली, दुसरी नाही. आणि सुरुवातीला जी तिची थट्टा होती ती आता त्याची विनंती झाली. ओळ एका अक्षरानेही बदललेली नाही. इथे मी त्यांना पेन खाली ठेवायला लावलं, कारण त्यांना आणखी दोन ओळी लिहून ‘आय लव्ह यू’ छापाचं काहीतरी उघड म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर ‘ओठाशी तेच अडलंय’ हे खोटं पडलं असतं. अडलेलं कवितेतही अडूनच राहिलं पाहिजे.

पूर्ण झाली ती अशी :

शब्द विसरले की ला-ला-ला,
असा अंतरा कोणी लिहिला?

बासरी सुरू, इस्त्री तशीच,
मान जराशी हलते उगीच,
पुन्हा एकदा शर्ट जळाला,
असा अंतरा कोणी लिहिला?

मला कधीचं सांगायचंय,
पण ओठाशी तेच अडलंय,
माझंसुद्धा चालेल तुला?
शब्द विसरले की ला-ला-ला.

तपासणीबद्दल एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण इथे जवळजवळ सगळे फसतात. कविता तयार झाली की लोक ती एखाद्या आवडत्या गाण्याच्या चालीवर म्हणून बघतात आणि खूश होतात. चाल फार उदार असते. ती ऱ्हस्व अक्षर ओढून लांब करते, जास्तीचं अक्षर गिळते, चुकीच्या जागी पडलेला जोर झाकून टाकते. चालीवर काहीही बरं वाटतं, रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा. शिवाय ती चाल तिला माहीत असते, म्हणजे मूळ शब्द पुन्हा आत शिरणारच. तेव्हा लिहिताना कोणतीही ओळखीची चाल डोक्यात धरू नका, फक्त केरव्याचा ठेका टेबलावर बोटांनी धरा. आणि पूर्ण झाल्यावर तोही सोडा. कविता हाताने न लिहिता टाइप करा आणि तिच्याबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या, तुमच्या फोनवर रेकॉर्ड करून. तो जिथे अडखळेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल, तिथे खूण करा. तुम्ही स्वतः वाचलेलं पुरावा म्हणून धरू नका. कुठे श्वास घ्यायचा हे तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे तुम्ही खड्डा चुकवून जाता.

आमच्या तपासणीत एक खड्डा सापडला. दुसऱ्या अंतऱ्यात आधी ‘पण ओठांशीच ते अडलंय’ होतं. मात्रा तंतोतंत सोळा, पण वाचणारा दोन्ही वेळा ‘शीच ते’ ला ठेचकाळला, कारण आठवी मात्रा ‘च’ च्या आधी संपत होती आणि शब्द मधून चिरला जात होता. ‘पण ओठाशी’ असे आठ पुरे करून ‘तेच अडलंय’ नवीन सुरू केलं आणि ओळ सरळ चालायला लागली. म्हणजे सोळाची बेरीज जुळली एवढ्यावर समाधान मानायचं नाही. आठाच्या रेषेवर शब्द संपतो का तेही बघायचं. आठाच्या आत मात्र शब्द कसेही पडोत, तीन-पाच पडोत नाहीतर चार-चार, उलट तसे बदलते राहिले तर ओळ जिवंत वाटते.

तुमच्या बायकोचं वेगळं असेल. समजा ती वाद्यांवर नसून शब्दांवर जीव टाकणारी आहे, चुकीचा शब्द म्हटला की दुरुस्त करणारी. मग तुमचा मुखडा तिथून निघेल, तिच्या दुरुस्तीतून. पण तेव्हा ला-ला-ला किंवा इस्त्री आणू नका, ती त्या घरातली आहेत. आणि तिला गाण्यांतून तिचे आईवडील, जुनं घर आठवत असेल, तर विनोदी मुखडा जपून घ्या. तिथे मी सोळाऐवजी दादऱ्याच्या बारा मात्रांची ओळ घेतो, दोनदा सहा. चाल जरा झुलती होते आणि आवाज आपोआप खाली येतो.

देताना शीर्षक देऊ नका आणि आधी काही समजावू नका. कागद द्या आणि तिला वाचू द्या.

शेवटची सूचना माझ्याकडून सुटली होती, ती मेहुण्यांच्या बायकोने शिकवली. जुन्या गाण्यांचा नाद असलेल्या माणसाला त्या गाण्यांबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. तेव्हा एखाद्या खास गाण्यातलं वाद्य, प्रसंग, काहीही घेणार असाल तर आधी ते गाणं नीट ऐकून खात्री करून घ्या. आम्ही केली नव्हती. शर्ट जळाला त्या दिवशी कोणतं गाणं लागलं होतं हे मी त्यांना विचारलंच नाही, ते बासरी म्हणाले आणि मी बासरी धरून चाललो.

वाढदिवसानंतर त्यांचा फोन आला. वहिनींनी कविता वाचली, दोनदा वाचली, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी कागद टेबलावर होता आणि ‘बासरी सुरू’ पेन्सिलने खोडलेलं होतं. "ती म्हणते, बासरी नाही ते, मेंडोलिन आहे," ते म्हणाले, "पण मी मोजलं, ‘मेंडोलिन सुरू’ नऊ होतात. आता काय करू?" मी विचारलं, खोडून वर काय लिहिलंय ते बघा. ते बघून आले. वर लिहिलं होतं, ‘मेंडोलिनला’. मोजा, आठ आहेत. मात्रांबद्दल त्यांनी तिला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.